फूल हाताला गरम लागलं तर घेऊ नका

गंगाखेडात जनाबाईंच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर माझ्या सासूबाई टोपली घेऊन बसायच्या. लग्न होऊन आले तेव्हा मला साधा गजरासुद्धा गुंफता येत नव्हता. पहिले सहा महिने त्यांनी मला नुसत्या दूर्वा निवडायला बसवलं. आज त्या नाहीत, टोपलीही त्या वाटेवर नाही. मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली ती १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला घटस्थापनेच्या दिवशी उघडली. देऊळ बंद होतं, पण घराघरांतले देव्हारे बंद नव्हते. टाळेबंदी सैल झाली तशी ओळखीच्या घरांतून विचारणा होऊ लागली, "सकाळी पुडी आणून द्याल का?" नऊ घरांपासून सुरुवात केली, आज त्रेचाळीस आहेत. या वर्षांत हाताला जे शिकायला मिळालं, ते नव्याने हा धंदा धरणाऱ्या लेकीसुनांसाठी लिहिते आहे.

१. उद्याची फुलं आज संध्याकाळी मोजा

टोपली घेऊन बसायचे तेव्हा सकाळी अंदाजाने सहा-सात किलो झेंडू घ्यायचे. गिऱ्हाईक आलं तर बरं, नाहीतर दुपारी चारनंतर पडेल त्या भावाने द्यायचा. रोज दीड-दोन किलो फूल वाया जायचं आणि महिनाअखेरीला नफा कुठे गेला ते कळायचं नाही. रतीब सुरू झाला तेव्हा मुलीने मला एक लांब वही आखून दिली. एका घराला एक पान. त्या घरात कोणते देव आहेत, कोणत्या वारी काय लागतं, पुडी किती वाजता हवी, पिशवी दाराच्या कडीला अडकवायची की हातात द्यायची, सगळं त्या पानावर.

प्रत्येक घराचा वार वेगळा असतो. सोमवारी पांढरं फूल आणि बेल. मंगळवारी गणपतीला जास्वंद आणि दूर्वा, देवीच्या घरी मंगळवारी-शुक्रवारी लाल. गुरुवारी दत्ताला आणि गजानन महाराजांच्या फोटोला पिवळं. शनिवारी मारुतीला रुई. एका काकूंकडे एकादशीला तुळशीची माळ ठरलेली. संध्याकाळी सहाला मी वही घेऊन बसते आणि उद्याची बेरीज मांडते. साधा दिवस असला तर एकतीस घरांना सुट्या फुलांची पुडी, पुडीत आठ फुलं, म्हणजे दोनशे अठ्ठेचाळीस. बारा घरांना फोटोचा छोटा हार, हाराला चोवीस फुलं, म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी. एकूण पाचशे छत्तीस. मध्यम आकाराचा कोरडा झेंडू किलोत दीडशेच्या आसपास बसतो, म्हणजे साडेतीन किलो. मोडकं-किडकं धरून मी चार किलो सांगते. वाया जातं ते मूठ-दोन मूठ.

पैशाचा बोलही याच पानावर पक्का करा. फुलाचा भाव आठवड्यात दुप्पट होतो, पण रतीबाच्या घराला रोज वेगळा भाव सांगता येत नाही. मी गुढीपाडव्यालाच सांगून ठेवते की पुडी दहा रुपयांचीच राहील. श्रावण ते दिवाळी फूल महागलं की आठाची सहा होतील आणि पुढे पुन्हा आठ होतील. आधी सांगितलं की कुणी नाराज होत नाही. न सांगता दोन फुलं कमी केली तर तिसऱ्या दिवशी विचारणा होतेच, कारण देव्हाऱ्यातले देव मोजलेले असतात.

वहीत आणखी एक खूण आहे, 'सु'. म्हणजे सुतक. गल्लीत कुणी गेल्याचं कळलं की त्या घराच्या पानावर ती खूण करायची आणि दुसऱ्या दिवसापासून पुडी थांबवायची. "फुलं आणू का?" असं विचारायला जायचं नाही. त्या घरी पूजा बंद असते आणि दारात फुलाची पिशवी लटकलेली दिसली तर माणसाच्या काळजाला लागतं. त्या दिवसांचे पैसे आपणच वजा करायचे. गंगाखेडला गोदावरीच्या घाटावर दहाव्याचे विधी होतात, लांबून माणसं येतात. रतीबाच्या घरचा दहावा असला की पांढरी फुलं आणि तुळस मी आणल्या भावात देते. त्यावर नफा घ्यायला हात होत नाही.

२. हात पोत्याच्या मध्यापर्यंत घाला

सासूबाई म्हणायच्या, "वरचं फूल समद्यांचंच चांगलं असतं, माय. आत हात घाल." हे वाक्य रोज कानावर पडूनही मी एकदा फसले, ते सविस्तर सांगते.

२०२४ च्या पोळ्याला, १ आणि २ सप्टेंबरला, आमच्या परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. शेतं पाण्याखाली गेली. सात तारखेला गणपती बसले आणि दहा तारखेला महालक्ष्म्या यायच्या होत्या. मराठवाड्यात महालक्ष्म्यांचा सण केवढा मोठा, ते इथल्या माणसाला सांगायला नको. माझ्याकडे अठ्ठावीस घरांचे हार नोंदवलेले होते, ज्येष्ठेला एक आणि कनिष्ठेला एक, म्हणजे छप्पन्न हार. एका हाराला साठ फुलं धरली तर तीन हजार तीनशे साठ. किलोत दीडशे या हिशेबाने साडेबावीस किलो लागत होता. मी पंचवीस किलो सांगितला.

आठ तारखेच्या रात्री माल आला. किलोला शंभर रुपये. पोतं उघडलं, वरचं फूल टवटवीत केशरी होतं. अंधार पडलेला, घरात पाहुणे, मी हात न घालता पैसे दिले. सकाळी पोतं ओतलं तर मधून वाफ आली. मधली फुलं हाताला कोमट लागत होती, देठाजवळ काळी पडलेली आणि आंबूस वास येणारी.

असं का होतं, तेही सांगते. तोडलेलं फूल मेलेलं नसतं. ते श्वास घेत असतं आणि त्यातून थोडी थोडी ऊब निघत असते. फूल कोरडं आणि मोकळं असेल तर ती ऊब उडून जाते. पावसात भिजलेलं किंवा वजन वाढावं म्हणून पाणी मारलेलं फूल पोत्यात दाबून भरलं की पाकळ्यांच्या मधली हवा बंद होते, ऊब आत कोंडते आणि ओलीत बुरशी धरते. ती मधून सुरू होते, म्हणून वरून काही दिसत नाही. त्या पोत्यात पावसाचं पाणी किती आणि मारलेलं किती, हे मला सांगता येणार नाही. पण पोतं मी तपासलं नाही, ही चूक माझीच.

सगळा झेंडू माळवदाच्या खोलीत कोरड्या गोणपाटावर एक थर पसरला, पंखा लावला. संध्याकाळी वजन केलं तर पंचवीसचा एकवीस किलो भरला. चार किलो नुसतं पाणी. निवडून काळी फुलं काढली ती पाच किलो. राहिला सोळा किलो, म्हणजे दोन हजार चारशे फुलं, चाळीस हार. सोळा हार कमी. शंभराचा झेंडू मला किलोला दीडशेच्या वर पडला होता.

रात्रीच आठ घरी गेले आणि खरं ते सांगितलं. पाच घरं म्हणाली, आहे त्यात भागवा. त्यांचे हार अष्टर आणि निशिगंध मिळेल त्या भावाने घेऊन पुरे केले, त्यात तोटा आला. तीन घरांनी दुसरीकडे सोय केली. त्यांतल्या एका घराने पुढे रतीबही बंद केला.

तेव्हापासून माझे तीन नेम आहेत. पोत्याच्या मध्यात कोपरापर्यंत हात घालायचा. आत ऊब लागली तर फुकट दिलं तरी घ्यायचं नाही. मूठभर फुलं घट्ट दाबायची. बोटांतून पाणी टपकलं तर वजनातून पाणी वजा करून भाव बोलायचा, नाहीतर सोडायचं. आणि माल घरी आला की कितीही रात्र झाली तरी पोतं रिकामं करून पसरायचं. पावसाळ्यात मोठ्या सणाचा झेंडू मी आता एकाच ठिकाणाहून घेत नाही, निम्मा-निम्मा दोघांकडून घेते.

मोगऱ्याचं उलटं असतं. त्याची कळी सकाळी मिटलेली घ्यायची आणि ओल्या सुती फडक्यात सैल गुंडाळून ठेवायची, संध्याकाळी ती आपोआप उमलते. उमललेला मोगरा विकत घेतला तर गजरा केसांत जाईपर्यंत तपकिरी होतो.

३. दोरा सुती, सुई देठातून

झेंडू ओवताना सुई फुलाच्या तोंडातून घालून खालच्या हिरव्या देठातून बाहेर काढायची. तो हिरवा भाग घट्ट असतो, दोरा तिथे धरून राहतो. नवशिक्या बायका पाकळ्यांतून आडवी सुई घालतात. हार उचलला की फुलं फिरतात आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या झडून नुसता दोरा दिसतो. हार भरीव दिसायला हवा असेल तर दोन फुलं पाठीला पाठ लावून ओवावीत. हाराचा मध्य आला की तिथे गोंडा अडकवायचा आणि दोन्ही बाजूंची फुलं मोजून सारखी ठेवायची. फोटोला हार घातला आणि एक बाजू लांब पडली तर गिऱ्हाईक बोलत नाही, पण रोज पाहतं.

नायलॉनचा दोरा स्वस्त आणि न तुटणारा असतो, म्हणून मीही दोन वर्षं वापरला. तो फुलाला कापतो आणि मोगऱ्यासारख्या नाजूक देठाला तर चिरतोच. त्याहून वाईट म्हणजे निर्माल्य कुजतं आणि दोरा तसाच राहतो. गोदाकाठी पाणी उतरलं की दगडांना अडकलेले असे दोऱ्यांचे गुंते मी पाहिले आहेत. आता सुती दोरा, आणि मिळेल तेव्हा केळीच्या खोडाचं सोपट भिजवून फाडलेला धागा वापरते. गजऱ्याला सोपट उत्तम, गाठ ओली बसते आणि वाळताना घट्ट होते.

पुडी छापील कागदात बांधू नका. ओल्या फुलाला शाई लागते. पळसाचं पान मिळालं तर ते, नाहीतर कोरा कागद.

४. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका

शनिवारच्या हारासाठी रुईची पानं शुक्रवारी दुपार कलल्यावर काढते. पान तोडलं की देठातून पांढरा चीक गळतो. तो डोळ्यात गेला तर डोळा लाल होऊन सुजतो, दिसणंसुद्धा अंधूक होतं. पानं काढताना तोंडावरचा घामही पुसायचा नाही. घरी आल्यावर पानांचे देठ पाण्यात बुडवून चीक थांबू द्यायचा, पानं पुसायची, हात साबणाने दोनदा धुवायचे आणि मगच ओवायला बसायचं. लहान लेकराला हे काम देऊ नका.

५. काय शिळं होतं आणि काय होत नाही

बेल आणि तुळस शिळी मानत नाहीत. ही श्रद्धेची गोष्ट आहे, पण धंद्यालाही तिचा आधार आहे, कारण या दोन वस्तू आदल्या दिवशी घेऊन ठेवता येतात. द्वादशीला तुळस तोडत नाहीत, कित्येक घरांत एकादशीलाही नाही. म्हणून एकादशीच्या माळांची तुळस मी दशमीला दिवस मावळायच्या आत काढून ओल्या फडक्यात ठेवते.

बेलाची दोन मोठी गिऱ्हाइकी, श्रावणी सोमवार आणि महाशिवरात्र. परळी वैजनाथ इथून जवळ, त्यामुळे त्या दिवसांत आमच्याकडेही बेलाला मोठी मागणी. पण दोन्ही वेळचा बेल एक नसतो. श्रावणात झाडाला नवी कोवळी पालवी असते, निवडायला सोपी. महाशिवरात्रीला झाड पानगळीला आलेलं असतं. पान जून, पिवळट, अळीने भोकं पाडलेलं. तीन दलं अखंड असलेलं पान दहांतून चार-पाच निघतं. म्हणून श्रावणात एकशे आठ पानांना जेवढा पाला आणता, त्याच्या दुप्पट महाशिवरात्रीला आणा आणि भाव त्याच हिशेबाने धरा. मोडक्या दलाचं पान पुडीत घालू नका. पूजेला बसलेला माणूस एकेक पान हातात घेऊन वाहतो, त्याला ते दिसतंच.

दूर्वा मात्र उन्हाळ्यात रडवतात. वैशाखात आमच्याकडे जमीन भेगाळते आणि हरळी फक्त विहिरीच्या पाटाकडेला हिरवी राहते. नालीच्या कडेला कितीही हिरवीगार दिसली तरी तिला हात लावू नका.

६. कापूस घरात ठेवा

फूल एका दिवसाचं असतं, वात वर्षभराची. आमचा जिल्हा कापसाचा, मानवत-सेलूच्या बाजारात मोठी आवक होते. दिवाळीनंतर ओळखीच्या शेतकऱ्याकडून स्वच्छ वेचणीचा चार-पाच किलो कापूस घेते आणि रिकाम्या दुपारी हातानेच सरकी काढते. गाठी आणि कचरा निघाला नाही तर वात तडतडते. फुलवातीला कापसाचा लहानसा गोल विंचरून घ्यायचा, मध्य चिमटीत धरायचा, बोटाला किंचित दूध किंवा भस्म लावून टोक पिळायचं. टोक सैल राहिलं की तूप वर चढत नाही आणि निरांजन मध्येच विझतं. पुडी बांधण्याआधी प्रत्येक ढिगातली एक वात मी स्वतः लावून पाहते.

ज्या वर्षी अधिक महिना येतो, त्या वर्षी वातींची तयारी दोन महिने आधी करा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. लग्नकार्यं नसल्याने मोठ्या हारांची मागणी बसली, पण तेहेतीस वातींच्या पुड्या, वस्त्रमाळा आणि दानाचं सामान इतकं लागलं की शेजारच्या दोघी जणींना हाताशी घ्यावं लागलं. त्यानंतरचा अधिक महिना ज्येष्ठ, १७ मे २०२६ पासून.

७. दसऱ्याला ढीग मांडू नका

दसऱ्याचा झेंडू पाहून नव्या माणसाला मोह होतो. त्या दिवशी शेतकरी स्वतः ट्रॅक्टर-टेम्पो भरून रस्त्यावर बसतात. सकाळी चढा असलेला भाव दुपारी निम्म्यावर येतो आणि संध्याकाळी ढीग तिथेच टाकून लोक गावी जातात. शेतकऱ्याला निदान फूल विकत घ्यावं लागत नाही. आपण घेतलेलं असतं. आणि पावसाने उलटंही होतं. २०२५ साली सप्टेंबरच्या महापुराने मराठवाड्यातली शेतं धुऊन नेली. २ ऑक्टोबरच्या दसऱ्याला चांगलं फूल शोधावं लागत होतं. भाव वर जाणार की खाली, हे आपल्याला आधी कळत नाही, म्हणून त्यावर पैसे लावू नयेत.

मी दसऱ्याला सुटं फूल विकतच नाही. आठ दिवस आधी वही घेऊन घरोघर जाते, दाराची रुंदी सुतळीने मोजते आणि तोरण नोंदवून निम्मे पैसे घेते. आंब्याचं पान आणि झेंडू आलटून पालटून, साडेतीन फुटांच्या चौकटीला थोडी झोळ धरून चार फूट माळ. एरवी फूल सहज मिळतं, मजुरी मात्र माझी राहते. सुतळीने मोजलेल्या दाराला नेमकं बसणारं तोरण रस्त्यावरच्या ढिगात मिळत नाही.

रतीबाच्या घरांना माझी एकच विनंती असते, ती वाचणाऱ्यांनाही करते. हार उतरवला की निर्माल्य पिशवीत बांधून नदीत टाकू नका. पुडी द्यायला येणाऱ्या बाईच्या हाती परत द्या. माझ्या परसात आंब्याच्या बुडाशी दोन खड्डे आहेत. एक भरला की मातीने झाकते आणि दुसरा सुरू करते. सुती दोऱ्यासकट सगळं कुजून पावसाळ्याअखेर खत होतं आणि दसऱ्याच्या तोरणाची पानं त्याच आंब्याची असतात.